गोव्यात छापखाना १५५६ला आला, मग ल्यूथर का नाही आला?

आमच्या भागात 'प्रेस' म्हटलं की कुणाला वर्तमानपत्र आठवत नाही. देवळाली कॅम्पातून लॅम रोडने नाशिकरोडला गेलं की जो प्रेस आहे, तो तिकिटांचा, मुद्रांकांचा आणि नोटांचा. १९२५ पासून सरकारचे मुद्रांक आणि टपालतिकिटं, १९२८ पासून नोटा. "बाप प्रेसला होता" असं आमच्याकडे कुणी सांगितलं, की घरात पगार होता, पेन्शन आहे, मुलं शिकली आहेत, एवढं सगळं समजून घ्यायचं. छापखाना म्हणजे सत्तेची वस्तू, हे आम्ही कुठल्या पुस्तकात वाचण्याआधी त्या भिंतीकडे बघून शिकलो. तरीही भाषण करायला उभं राहिलो की आम्ही हे विसरतो.

विहारात रविवारी आमचं अभ्यासमंडळ बसतं. मागच्या वर्षी विषय होता युरोपातली धर्मसुधारणा. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त राजकीय मुक्तीच्या आधी धार्मिक क्रांती व्हावी लागते हे सांगताना ल्यूथरचा दाखला दिला आहे, म्हणून तो विषय घेतला होता. आम्ही ठोकून दिलं की गटेनबर्गने छापखाना काढला, लोक वाचू लागले, पुरोहिताची मक्तेदारी गेली आणि पोपची सत्ता मोडली. टाळ्या पडल्या. मग एमपीएससीची तयारी करणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "दादा, भारतात पहिला छापखाना गोव्यात, १५५६ साली, हे आम्ही पाठच करतो. ल्यूथर तर नुकताच गेला होता तेव्हा. मग गोव्यात लोकांनी पाद्र्याला का नाही विचारलं? आणि आपल्याकडे भटाला का नाही विचारलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. समाजशास्त्रात एमए केलं, वेबर वाचला, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. त्यानंतर जे वाचलं त्यावरून हे लिहितो आहोत. त्या दिवशी आम्ही जे सांगितलं ते अर्धवट होतं, हे आधी मान्य करतो.

पहिली दुरुस्ती अशी, की छापखान्याने सुरुवातीला पोपविरुद्ध काहीच केलं नाही. तो पोपच्याच कामाला लागला. माइन्झ शहरात १४५४-५५ साली, म्हणजे गटेनबर्गचं प्रसिद्ध बायबल पुरं होत होतं त्याच सुमारास, तिथं क्षमापत्रं छापली जात होती. क्षमापत्र म्हणजे चर्चला पैसे दिल्याबद्दल पापाच्या शिक्षेतून सूट मिळाल्याचा कागद. सगळा मजकूर छापील, फक्त नाव आणि तारीख यांना जागा कोरी. पैसे घेतले की हाताने नाव भरायचं. आमच्या मुद्रांकाच्या कागदासारखंच म्हणा ना. आधी असं एकेक पत्र लेखनिकाला लिहावं लागे. आता हजारांनी निघू लागली, म्हणजे हजारांनी विकताही येऊ लागली. ल्यूथर १५१७ साली ज्या क्षमापत्रांच्या विक्रीवर चिडला, तो धंदा एवढा फुगला यात छापखान्याचा हातभार होता. त्या विक्रीतला मोठा वाटा माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने फुग्गर सावकाराकडून काढलेलं कर्ज फेडण्यात जात होता. कर्ज कशासाठी? आर्चबिशपपद मिळवण्यासाठी. आपल्याकडच्या वाचकांना हे समजायला वेळ लागणार नाही.

म्हणजे ज्या यंत्राने आग विझवली असं आपण म्हणतो, त्यानेच आधी तिच्यात तेल ओतलं होतं. मग फरक कुठे पडला?

फरक पडला भाषेत आणि आकारात. ल्यूथरचे ते पंच्याण्णव मुद्दे लॅटिनमध्ये होते. पंडितांनी पंडितांशी वाद घालण्यासाठी लिहिलेले. ते डिसेंबर १५१७ पर्यंत लाइपझिग, न्युरेंबर्ग आणि बाझलमध्ये छापले गेले आणि शिकलेल्या लोकांत गाजले. पण खरा स्फोट पुढच्या वर्षी झाला. क्षमापत्रांवरच ल्यूथरने जर्मन भाषेत एक छोटं प्रवचन लिहिलं, वीस छोटे मुद्दे, सगळं मिळून आठ पानं. दोन वर्षांत त्याच्या वीसहून जास्त आवृत्त्या वेगवेगळ्या शहरांत निघाल्या.

आठ पानं हा आकडा इथे महत्त्वाचा आहे. कागदाचा एक मोठा ताव घ्यायचा, दोन्ही बाजूंनी छापायचा, दोनदा घडी घालायची, की चार पत्रं म्हणजे आठ पानं तयार. शिवण नको, पुठ्ठा नको. एका छापयंत्रावर अशा हजारभर प्रती दोनेक दिवसांत निघत. बायबलसारखं पुस्तक छापायचं तर छापखानेवाल्याचं भांडवल महिनोन्महिने कागदात अडकतं आणि विकलं नाही तर तो बुडतो. एका तावाच्या पुस्तिकेत भांडवल आठवड्यात मोकळं होतं. फेरीवाला ती झोळीत घालून पुढच्या गावी जातो, तिथला छापखानेवाला एक प्रत विकत घेतो आणि स्वतः छापतो. परवानगी कुणी विचारत नव्हतं आणि लेखकाला पैसेही कुणी देत नव्हतं. ल्यूथरने आपल्या लिखाणाचे पैसे घेतले नाहीत, आणि घेतो म्हटला असता तरी मिळाले नसते.

धंद्याच्या बाजूने या गोष्टीचा एक पुरावा आहे, तो आम्हाला सगळ्यात जास्त आवडला. लाइपझिग हे विटेनबर्गपासून सत्तरेक किलोमीटरवरचं मोठं छपाईचं शहर. तिथला राजा ड्यूक जॉर्ज कट्टर कॅथलिक. त्याने ल्यूथरची पुस्तकं छापायला आणि विकायला बंदी घातली. तर १५२४ साली लाइपझिगच्या नगरपालिकेने छापखानेवाल्यांच्या वतीने त्याच्याकडे गाऱ्हाणं मांडलं. सूर असा, की आम्हाला जे छापायची परवानगी आहे त्याचे गठ्ठे पडून आहेत, फुकट दिलं तरी कुणी नेत नाही. जे लोकांना हवंय ते छापायची आम्हाला बंदी आहे. यंत्रं तीच, जुळारी तेच, कागद तोच. एका मजकुराचे गठ्ठे पडून राहिले आणि दुसरा हातोहात गेला. छापखान्याने लोकांच्या डोक्यात असंतोष घातला असता तर कॅथलिक पुस्तिकांनीही काही घातलं असतं. असंतोष आधीच होता. दशमांश, क्षमापत्रं, पाद्र्यांना करमाफी, मठांच्या जमिनी हे लोक रोज भोगत होते. छापखान्याने त्याला शब्द दिले, आणि शंभर गावांतल्या लोकांना कळलं की हे आपल्या एकट्याच्याच गावात नाही.

इथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं खोटेपणाचं होईल. काही वर्षांपूर्वी आम्ही १४ एप्रिलला शिष्यवृत्तीच्या हक्कांवर सोळा पानी पुस्तिका काढली होती. वर्गणी करून हजार प्रती. जयंतीच्या दिवशी तीनेकशे गेल्या, त्याही बऱ्याचशा स्टॉलवर आलेल्या माणसाला नाही म्हणवेना म्हणून. उरलेले गठ्ठे विहाराच्या कपाटात. आम्ही म्हणालो, आपले लोक वाचतच नाहीत. लाइपझिगच्या छापखानेवाल्यांचं गाऱ्हाणं वाचताना ते कपाट डोळ्यांसमोर आलं. 'लोक वाचत नाहीत' हे तेही म्हणू शकले असते, कारण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन प्रदेशात वाचता येणारे लोक शंभरात पाचेक असावेत असा अंदाज आहे. शहरांत फार तर तीस.

शंभरात पाच! एवढ्यांच्या जोरावर अर्ध्या जर्मनीने धर्म बदलला? साक्षरतेचा मुद्दा इथेच नीट समजून घ्यावा लागतो. साक्षरता वाढत होती हे खरं. शहरांत व्यापार वाढला होता, हिशेब आणि पत्रं लिहिण्यासाठी कारागिरांची मुलं लॅटिन नव्हे तर जर्मन शिकवणाऱ्या छोट्या शाळांत जाऊ लागली होती, आणि कातड्याऐवजी कागद मिळू लागल्याने लिहिणं स्वस्त झालं होतं. पण मोजायचं ते वाचणाऱ्यांच्या संख्येवर नाही, तर एका वाचणाऱ्याभोवती किती ऐकणारे बसतात यावर. पुस्तिका दारूच्या गुत्त्यात, कारखान्यात, घरच्या जेवणावर मोठ्याने वाचली जाई. ती लिहिलीही तशीच जाई. पुष्कळ पुस्तिका संवादरूपात आहेत, एक शेतकरी आणि एक पाद्री भांडताहेत आणि शेतकरी जिंकतो आहे. मुखपृष्ठावर लाकडी ठशाचं चित्र, ज्याला अक्षर येत नाही त्यानेही हसावं असं. आपल्या जलशांची परंपरा ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. आणि आमची पुस्तिका? सरकारी परिपत्रकाच्या भाषेत लिहिलेली, एकट्याने डोळ्यांनी वाचायची. कुणाला मोठ्याने वाचून दाखवायची म्हटलं तर दुसऱ्या परिच्छेदाला माणूस उठून गेला असता.

आता कुणी म्हणेल, बायबल लोकांच्या भाषेत आलं म्हणून क्रांती झाली. तेही तितकंसं सरळ नाही. ल्यूथरच्या आधी जर्मन भाषेत छापील बायबलच्या अठरा आवृत्त्या निघाल्या होत्या, पहिली स्ट्रासबुर्गला १४६६ साली. त्यांनी काही उलथापालथ झाली नाही. त्या जाड, महाग आणि अवघड जर्मनमधल्या होत्या. ल्यूथरचा 'नवा करार' सप्टेंबर १५२२ मध्ये आला, तीनेक हजार प्रती, आणि डिसेंबरमध्येच दुसरी आवृत्ती काढावी लागली. तोवर पाच वर्षं पुस्तिकांनी लोकांना प्रश्न शिकवला होता. पुस्तकात उत्तर शोधायचं तर आधी हातात प्रश्न लागतो. उलट बाजूनेही बघा. बोहेमियात यान हुसने ल्यूथरच्या शंभर वर्षं आधी जवळपास हेच बोलून दाखवलं. त्याला १४१५ साली जिवंत जाळलं. त्याचे अनुयायी लढले आणि बोहेमियात टिकलेही, पण त्यांची सुधारणा त्या मुलुखाबाहेर फारशी गेली नाही. तेव्हा छापखाना नव्हता.

अर्थशास्त्रज्ञ जारेड रुबिन यांनी २०१४ साली हाच प्रश्न आकडेवारीने तपासला. ज्या शहरांत १५०० पर्यंत छापखाना आला होता, ती शहरं १५३० पर्यंत प्रोटेस्टंट होण्याची शक्यता बरीच जास्त होती, असं त्यांना आढळलं. पण श्रीमंत, जागरूक शहरातच छापखानाही येतो आणि बंडही होतं, मग छापखान्यामुळे बंड झालं हे कशावरून? म्हणून त्यांनी माइन्झपासूनचं अंतर धरलं. छपाईचं तंत्र माइन्झमधून पसरलं, त्यामुळे जवळच्या शहरांना ते आधी मिळालं, मग शहर कसंही असो. तसं तपासूनही छापखान्याचा परिणाम उरतोच. समाजशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मित्रांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण होत नाही.

एवढं समजल्यावर आम्ही गोव्याकडे वळलो.

६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात छापखाना उतरला तो चुकून म्हणावा असा. तो चालला होता इथिओपियाला, तिथल्या ख्रिस्ती लोकांना पोपच्या आज्ञेत आणण्यासाठी. जहाज गोव्याला थांबलं, पुढचा बेत बारगळला, आणि यंत्र जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजात बसलं. बरोबर हुआन दे बुस्तामांते हा छापणारा होता. म्हणजे जर्मनीत ज्या बंडाने चर्च हादरलं, त्या बंडाला उत्तर म्हणून उभ्या राहिलेल्या संघटनेच्या हातात हे यंत्र आलं. त्याच वर्षी कॉलेजातल्या वादविवादाचे प्रबंध छापले, दुसऱ्या वर्षी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं. विटेनबर्गचा छापखानेवाला आणि लाइपझिगचा छापखानेवाला यांच्यामध्ये दोन राजे होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. लाइपझिगच्या मेल्खिओर लोटरने विटेनबर्गला शाखाच काढली. जर्मन मुलुखात अशी शेकडो छोटी राज्यं आणि शहरं होती, म्हणून १५२१ साली बादशहाने ल्यूथरच्या लिखाणावर घातलेली बंदी कागदावर राहिली. गोव्यात पोर्तुगालचा राजाच चर्चचा पालक होता. जॉर्जकडून फ्रेडरिककडे पळून जायला तिथे दुसरा फ्रेडरिक नव्हता.

आणि तरीही सत्ता हे पूर्ण उत्तर नाही. अक्षराचा प्रश्न बघा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी त्याच्याकडे मागणी केली, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत काहीतरी द्या. त्याने मराठीत, ओवीत, जवळपास अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. पण छापलं रोमन लिपीत, आणि धर्मन्यायालयाच्या परवानगीने. स्टीफन्सला इथल्या अक्षरात छापायचं होतं. १६०८ साली त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलं, की इथली अक्षरं युरोपसारखी चोवीस नाहीत. प्रत्येक अक्षरात स्वर मिसळलेला, म्हणून सुमारे सहाशे ठसे करावे लागतील. युक्तीने ते दोनशेपर्यंत आणता येतील. ते खिळे पाडले गेले नाहीत. तमिळ लिपीचे खिळे मात्र कोल्लमला १५७८ सालीच वापरले गेले होते, तेव्हा अशक्य होतं असं म्हणता येत नाही. मराठीचं व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं ते सेरामपूरला, १८०५ साली. मधे दोनशे वर्षं गेली.

याचा परिणाम काय झाला तो समजून घ्या. गोव्यात ज्यांना मोडी-देवनागरी येत होती, म्हणजे कुळकर्णी, शेणवी, भट, त्यांना रोमन येत नव्हती. ज्यांना रोमन येऊ शकत होती ते ती पाद्र्याच्याच शाळेत शिकत. वाचायला शिकवणारा, छापणारा आणि परवानगी देणारा एकच. 'ख्रिस्तपुराण' मोठ्याने वाचलं जाई, रविवारी, प्रार्थनेनंतर, लोक जमून ऐकत. म्हणजे ऐकणाऱ्यांची कमी नव्हती. पण ते वाचन चर्चच्या छपराखाली होतं, गुत्त्यात नव्हे. ऐकल्यावर कुणाला प्रश्न पडलाच, तर तो दुसऱ्या गावात छापून यायला दुसरा छापखाना नव्हता. धर्म बदलूनही बामण, चारडो, सुदीर या पायऱ्या गोव्याच्या चर्चमध्ये तशाच राहिल्या. त्यांच्याविरुद्ध आठ पानं कुणी छापली नाहीत. पुढे १६७४ नंतर गोव्यातली छपाई थांबली ती १८२१ पर्यंत. १६८४ मध्ये तर सरकारने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं.

हे सगळं आम्ही मंडळात मांडलं तेव्हा त्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला, "मग जर्मनीत तरी वाचणाऱ्या गरिबाला काय मिळालं?" याचं उत्तर मेमिंगन गावात आहे. तिथे ठरलेल्या शेतकऱ्यांच्या बारा मागण्या मार्च १५२५ मध्ये छापल्या गेल्या. त्या शब्दांत मांडल्या त्यात सेबास्टियान लोट्झर हा फरचं काम करणारा कारागीर मुख्य होता. पदवी नाही, पाद्री नाही, पण वाचता-लिहिता येणारा. आम्ही आमचा धर्मोपदेशक स्वतः निवडू, आणि ख्रिस्ताने सगळ्यांना रक्त सांडून सोडवलं असेल तर आम्ही वेठबिगार कसे? समासात बायबलच्या वचनांचे दाखले. दोन महिन्यांत पंचवीसेक आवृत्त्या. छपाई, साक्षरता आणि ल्यूथरचा विचार यांचं हे सगळ्यात सरळ फळ होतं. उठाव पेटल्यावर ल्यूथरने शेतकऱ्यांना ठेचून मारा अशी पुस्तिका लिहिली. तीही छापली गेली, खपली, आणि राजांनी हजारो शेतकरी कापले. त्या आधीच्याच वर्षी, १५२४ साली, ल्यूथरने शहरांना आवाहन केलं होतं की मुलांसाठी, मुलींसाठीही, शाळा काढा. प्रोटेस्टंट मुलुखात साक्षरता पुढे वाढली ती बरीचशी या आग्रहातून. म्हणजे साक्षरता या सुधारणेचं कारण जेवढी, तेवढाच परिणामही आहे. पण १५२५ नंतर वाचायचं ते काय, हे पुन्हा राजा आणि त्याचा पाद्रीच ठरवू लागला.

बाबासाहेबांनी ल्यूथरचा दाखला दिला ते भाषण लाहोरच्या मंडळाने १९३६ साली होऊच दिलं नाही, मजकूर वाचून घाबरले. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं, दीड हजार प्रती, आणि दोन महिन्यांत संपल्या. गुजराती, तमिळ, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम अशी भाषांतरं पाठोपाठ निघाली. लाहोर बंद झालं तरी मुंबई उघडी होती.

आमच्या कपाटातल्या गठ्ठ्यांचं काय केलं, असं काहींनी विचारलं म्हणून सांगतो. त्या सोळा पानांची आम्ही आठ केली. एक कॉलेजला जाणारी मुलगी आणि तिची शिष्यवृत्ती अडवणारा कारकून यांचं भांडण, बोलीत. मागच्या महिन्यात तीन वस्त्यांत मोठ्याने वाचलं. दुसऱ्या वस्तीत एक आजी मधेच म्हणाल्या, कारकुनाला एवढं बोलू देऊ नका, तिला आधी बोलू द्या. ते बदलून पुन्हा छापायला दिलं आहे.